नाकाखालची मधाळ खपली: मलम पुरेल की सिरप लागेल? या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकमध्ये पावसाची झड लागली, ओले युनिफॉर्म दोरीवर दोन-दोन दिवस वाळेनासे झाले, की प्राथमिक शाळेतल्या पोरांच्या नाकाखाली आणि हनुवटीवर पिवळट खपल्या दिसू लागतात. आजी म्हणते अंगातली उष्णता बाहेर पडली, शेजारीण म्हणते नायटा आहे, मेडिकलवाला एक ट्यूब काढून देतो. खरं तर बहुतेक वेळा हा इम्पेटिगो असतो, म्हणजे त्वचेच्या अगदी वरच्या थरातला जिवाणूंचा संसर्ग. तो करणारे जिवाणू दोनच, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस. बुरशीचा किंवा उष्णतेचा इथे काही संबंध नाही. आजार साधा असला तरी त्याच्या उपचारात ठरावीक चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली चूक: न ओळखता ट्यूब आणणे

सुरुवातीला लाल ठिपका येतो, त्यावर पातळ पाण्याचा इवलासा फोड. तो इतका नाजूक असतो की आईच्या नजरेला पडायच्या आधीच फुटतो. मग त्यातून चिकट लस झिरपते आणि वाळते. गुलाबजामच्या पाकाचा ओघळ ओट्यावर वाळावा तशी ही खपली दिसते, पिवळसर, किंचित पारदर्शक, वरवर चिकटवल्यासारखी. कड उचलली तर खाली ओलसर लाल त्वचा असते. दुखत फारसं नाही, थोडी खाज असते.

नायटा म्हणजे गजकर्ण गोल चकतीसारखा पसरतो, कडेला खवले आणि मधला भाग बरा होत आलेला, आणि त्यातून लस वाहत नाही. ओठावर येणारा ‘जर’ वेगळा, त्यात ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका येतो, आग होते आणि पुढच्या वेळी बहुधा तिथेच उठतो. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि रात्री खाज असेल तर मुळात खरूज आहे, आणि खाजवून खाजवून तिच्यावर इम्पेटिगो चढलाय. अशा वेळी फक्त इम्पेटिगोचा उपचार केला तर तो पंधरा दिवसांनी परत येतो. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावावं लागतं. मानेवर, कानामागे खपल्या असतील तर आधी केसांत उवा शोधा.

काउंटरवर मिळणाऱ्या मिश्र क्रीमचा इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. त्यात बुरशीचं औषध, एखादं अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं सगळं एकत्र असतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते, आणि घरचे म्हणतात गुण आला. आत जिवाणू तसाच वाढत असतो, कारण त्याच्याशी लढणारी प्रतिक्रिया आपणच दाबून टाकलेली असते. ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन यांतलं एकही नाव असेल तर ती ट्यूब चेहऱ्यावरच्या खपल्यांना लावू नका.

दुसरी चूक: खपलीवरच मलम थापणे

मलम लावूनही बरं होत नाही, अशी तक्रार आली की आधी लावायची पद्धत पाहावी. जिवाणू खपलीच्या खाली असतात आणि वाळलेल्या जाड खपलीतून मलम खाली पोचत नाही. वरून कितीही चोपडलं तरी ते उशीला पुसलं जातं.

आधी हात साबणाने धुवा. कोमट पाण्यात स्वच्छ सुती कापड भिजवून, हलकं पिळून खपलीवर पाच-दहा मिनिटं धरा. खपली मऊ झाली की साध्या साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसा, जेवढी सुटते तेवढीच काढा. ओरबाडून रक्त काढलं की आजूबाजूची त्वचा उघडी पडते आणि जिवाणूला नवी जागा मिळते. जागा टिपून कोरडी करा आणि मग मलमाचा पातळ थर लावा. एका डागाला तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढं मलम पुरतं. खपलीच्या कडेबाहेर थोडं जाऊ द्या. वापरलेलं कापड तसंच बादलीच्या कडेला टाकू नका, लगेच गरम पाण्यात घाला.

हळद, चुना, राख, पावडर यांतलं काही लावू नका. पावडर लशीत मिसळून तिचाच थर जमतो आणि खाली पू साचतो. जंतुनाशक द्रव पाण्यात न मिसळता लावला तर नाकाजवळची कोवळी त्वचा भाजते.

तिसरी चूक: मलम की सिरप, याचा निर्णय चुकणे

हा निर्णय दोन्ही बाजूंनी चुकतो. दोन खपल्यांसाठी पोराला सात दिवस अँटिबायोटिक पाजलं जातं, आणि अंगभर पसरलेल्याला एका ट्यूबवर ठेवलं जातं.

सिडकोतला दुसरीतला मुलगा घेऊ, वय सात वर्षं, वजन 20 किलो. सोमवारी उजव्या नाकपुडीखाली एक डाग, गुरुवारी तीन. ताप नाही, खेळतोय, जेवतोय. याला मलम पुरेसं आहे. डॉक्टर बहुधा 2 टक्के म्युपिरोसिन किंवा 2 टक्के फ्युसिडिक ॲसिड देतात, दिवसातून दोन-तीन वेळा, पाच दिवस. मोजके डाग एकाच भागात असतील तर मलम तोंडावाटेच्या औषधाइतकंच काम करतं, आणि जुलाब, उलट्या, पोटदुखी हा ताप वाचतो.

आता समजा घरी मलम खपलीवरच लावलं गेलं आणि मुलगा नाकात बोट घालून तेच बोट हातापायांवर फिरवत राहिला. पुढच्या सोमवारी हनुवटीवर तीन, उजव्या हातावर चार, पोटरीवर डास चावलेल्या जागी तीन, असे दहा डाग झाले. आता दहा ठिकाणी दिवसातून तीनदा भिजवणं, पुसणं, लावणं शाळकरी पोराच्या घरात होत नाही, आणि न दिसलेला एखादा डाग राहतोच. इथे सिरप लागतं. डाग अनेक आणि शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर, मोठे पाण्याचे फोड, ताप, मानेतल्या गाठी सुजलेल्या, किंवा डाग खोल जाऊन जखम झालेली, यांपैकी काहीही असेल तर नुसत्या मलमावर थांबू नये. घरात किंवा वसतिगृहात एकाच वेळी अनेकांना झालं असेल तरीही हाच नियम. पेठ, सुरगाण्याकडच्या निवासी आश्रमशाळांत मुलं शेजारी-शेजारी झोपतात. तिथे एकेकाला ट्यूब देत बसण्यापेक्षा सगळ्या मुलांची तपासणी करून बाधितांना एकाच वेळी तोंडावाटे औषध देणं उपयोगी पडतं. सिरप सुरू झाल्यावर मलमाचं अँटिबायोटिक सोबत चालू ठेवण्यात मात्र फायदा नाही.

सिरप कोणतं, हे डॉक्टरांनी ठरवायचं, पण हिशेब पालकांना कळलेला बरा. सेफॅलेक्सिनचं उदाहरण घ्या. मात्रा दर किलोला दिवसाला 25 ते 50 मिलिग्रॅम, तीन-चार वेळा विभागून. आपल्या 20 किलोच्या मुलाला 250 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा म्हणजे 750, किलोला साधारण 37. हे त्या मर्यादेत बसतं. बाटलीवर पाच मिलीत 250 लिहिलं असेल तर एका वेळी 5 मिली. पाच मिलीत 125 असेल तर 10 मिली. हा आकडा न बघता जुन्याच चमच्याने मोजलं की औषध अर्धं किंवा दुप्पट होतं.

आणखी एक गफलत बाटलीच्या आकाराची. पाच मिलीत 250 असलेलं औषध दिवसाला 15 मिली लागतं, म्हणजे 30 मिलीची बाटली दोन दिवसांत संपते. घरच्यांना वाटतं कोर्स संपला. सात दिवसांना 105 मिली लागतात, म्हणजे चार बाटल्या. पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर किती बाटल्या लिहिल्यात ते मोजा, आणि पावडरमध्ये पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घाला.

घरात उरलेलं औषधही असतंच. मागच्या घसादुखीचं साधं ॲमॉक्सिसिलिन इथे बहुधा फुकट जातं, कारण बहुतेक स्टॅफिलोकॉकस ते निकामी करणारं एन्झाइम तयार करतो. क्लॅव्ह्युलॅनेट जोडलेलं ॲमॉक्सिसिलिन वेगळं, ते डॉक्टर देऊ शकतात. ॲझिथ्रोमायसिनला प्रतिकार करणारे जिवाणू आता सहज सापडतात. पेनिसिलिन गटाची ॲलर्जी कधी आली असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगा.

चौथी चूक: चुकीच्या दिवशी थांबणे

मलम असो वा सिरप, 48 ते 72 तासांत लस थांबते, खपली सुकते, नवे डाग येत नाहीत. तसं झालं नाही तर औषधाची ट्यूब बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. औषधाला न बधणारा जिवाणू असेल किंवा आजारच दुसरा असेल, तर लशीचा नमुना कल्चरला, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून तपासायला, पाठवावा लागतो.

उलट, खपली पडली की खाली गुलाबी किंवा काळपट ठिपका काही आठवडे राहतो. तो पुसायला म्युपिरोसिन महिनाभर चोळत राहणारे पुष्कळ भेटतात. ठिपका संसर्ग नसतो, आपोआप जातो. इम्पेटिगो सहसा व्रण ठेवत नाही. मलम सांगितलेले दिवसच लावा, नाहीतर पुढच्या वेळी तेच मलम चालेनासं होऊ शकतं.

पाचवी चूक: हात विसरणे

हा आजार हवेतून येत नाही, हाताने फिरतो. नखं कापलेली हवीत, कारण खाजवून स्वतःच्या अंगावर नवे डाग मूलच पेरतं. टॉवेल, उशीचा अभ्रा, पावडरचा पफ, डब्याचा रुमाल वेगळे ठेवा. मलम लावल्यावर आईनेही हात धुवावेत, बहुतेक घरांत नेमकं हेच राहतं. अँटिबायोटिक सुरू होऊन 24 तास झाले आणि डाग झाकता आले, की शाळेत पाठवता येतं. काही डॉक्टर 48 तास सांगतात. हातापायांचे डाग गॉजने झाका. नाकाखालचे झाकता येत नाहीत, तिथे ओली खपली असेपर्यंत घरीच ठेवा.

नंतरही लघवीकडे लक्ष

स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेल्या इम्पेटिगोनंतर, साधारण तीन ते सहा आठवड्यांनी, क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. खपल्या तोवर विसरलेल्या असतात, म्हणून दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची, प्रमाण कमी, डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडे न्या. रक्तदाब आणि लघवी तपासली जाते. उपचार वेळेवर झाला तरी हा धोका पूर्ण जातो असं नाही, म्हणून कॅलेंडरवर दीड महिन्यानंतरच्या तारखेला खूण करून ठेवा. डॉक्टरांना खपल्या कधी झाल्या होत्या, तेही सांगा.