निष्कर्षाचा रकाना सगळ्यात शेवटी भरा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी लहान मुलांमधल्या ॲनिमियावर लिटरेचर रिव्ह्यू लिहायला घेतला, तेव्हा माझ्याकडे दोन वह्या भरून नोट्स होत्या. प्रत्येक पेपरचं एक पान: वर शीर्षक, खाली सारांश, महत्त्वाच्या वाक्यांखाली रेघा. लिहायला बसल्यावर कळलं, की या नोट्समधून दोन पेपर एकमेकांशेजारी ठेवून बघताच येत नाहीत. मग एक्सेलमध्ये मॅट्रिक्स केलं. एका ओळीत एक पेपर, आणि रकाने तीन: पद्धत, नमुना, निष्कर्ष. आठवडाभरात तीसेक ओळी भरल्या आणि शीट मॅडमना दाखवली.

मॅडमनी दोन ओळींवर बोट ठेवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस-४ (२०१५-१६), यानुसार भारतातल्या सुमारे ५८ टक्के लहान मुलांना ॲनिमिया. सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण, म्हणजे सीएनएनएस (२०१६-१८), यानुसार सुमारे ४१ टक्के. त्या म्हणाल्या, "एक-दोन वर्षांत सतरा टक्के मुलं बरी झाली का? तुझी शीट काय सांगते?" माझी शीट काहीच सांगत नव्हती. दोन्हीकडे पद्धतीच्या रकान्यात मी 'सर्वेक्षण' लिहिलं होतं आणि नमुन्याच्या रकान्यात 'भारतातील मुले'. दोन्ही शब्द खरे होते, पण त्यांच्यावरून एक ओळ दुसरीपासून वेगळी करता येत नव्हती.

त्या दोन ओळी मी मूळ अहवाल उघडून पुन्हा भरल्या. पद्धत म्हणजे फक्त अभ्यासाचा प्रकार नव्हे, मोजमाप कसं केलं हेसुद्धा, हे तेव्हा लक्षात आलं. एनएफएचएस-४ मध्ये मुलाच्या बोटाला किंवा टाचेला टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि हिमोक्यू नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्रावर घरीच हिमोग्लोबिन मोजलं. सीएनएनएसमध्ये शिरेतून रक्त काढून ते प्रयोगशाळेत स्वयंचलित यंत्रावर तपासलं. थेंब नीट येत नाही म्हणून बोट पिळलं, तर रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येऊ शकतो. आता नमुना. एनएफएचएसमधली मुलं सहा महिने ते एकोणसाठ महिने वयाची, तर सीएनएनएसचा ४१ टक्के हा आकडा एक ते चार वर्षांच्या मुलांचा. म्हणजे सहा ते अकरा महिन्यांची बाळं, ज्यांच्यात ॲनिमिया बराच आढळतो, दुसऱ्या आकड्यात नाहीतच. फरकाचा काही भाग तिथेच आहे.

नव्या शीटमध्ये त्या दोन ओळी अशा दिसत होत्या:

| | एनएफएचएस-४ | सीएनएनएस |
|---|---|---|
| रक्त कुठून | बोट किंवा टाच | शीर |
| कशावर मोजलं | हिमोक्यू, घरी | स्वयंचलित यंत्र, प्रयोगशाळेत |
| वय | ६ ते ५९ महिने | १ ते ४ वर्षं |
| मर्यादा | ११ ग्रॅम/डेसिलिटर | ११ ग्रॅम/डेसिलिटर |
| ॲनिमिया | सुमारे ५८% | सुमारे ४१% |

(इथे जागेसाठी आडवं-उभं बदललंय. शीटमध्ये पेपर ओळीतच ठेवा, नाहीतर फिल्टर लावता येत नाही.)

म्हणून माझा पहिला सल्ला हा, की 'पद्धत' हा एकच रकाना ठेवू नका. त्याचे किमान दोन करा: अभ्यासाचा आराखडा आणि मोजमापाची रीत. तुमचा विषय शिक्षणाचा असेल तर दुसऱ्या रकान्यात कोणती चाचणी, कोणत्या भाषेत, कोणी घेतली हे येईल. माझ्या विषयात 'मर्यादा' हाही वेगळा रकाना लागला. किती हिमोग्लोबिनच्या खाली ॲनिमिया म्हणायचं, हे कायमचं ठरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी ती रेषा ११ वरून १०.५ वर आणली. जुना पेपर आणि नवा पेपर एकाच रकान्यात ठेवाल, तर केवळ रेषा सरकल्यामुळे आकडा कमी दिसेल आणि तुम्ही त्याला सुधारणा म्हणाल.

नमुन्याच्या रकान्यात माझी चूक आणखी साधी होती. मी ॲब्स्ट्रॅक्टमधला सगळ्यात मोठा आकडा उचलत होते. सीएनएनएसमध्ये एक लाख बारा हजारांहून अधिक मुलं-किशोर होते, पण रक्त-लघवीचे नमुने घेतले ते सुमारे एकावन्न हजारांचे. ॲनिमियाच्या आकड्यामागे एक लाख मुलं आहेत असं मी लिहून ठेवलं होतं. आता 'एकूण नमुना' आणि 'या निष्कर्षामागचा नमुना' असे दोन आकडे लिहिते. दुसरा आकडा बहुतेक वेळा मजकुरात नसतो, टेबलच्या शीर्षकात किंवा तळटिपेत असतो, म्हणून शेजारी टेबल क्रमांकही टाकते.

याच ठिकाणी आणखी एक रकाना जोडावा लागला, आणि तो मी आज कुठल्याही विषयात ठेवीन: 'माहिती कुठली'. माझ्या तीसेक पेपरांपैकी अकरा पेपर एनएफएचएस-४ च्याच आकडेवारीवर बेतलेले निघाले. लेखक वेगळे, नियतकालिकं वेगळी, प्रश्नही थोडे वेगळे, पण मुलं तीच. आधीच्या मसुद्यात मी 'अनेक अभ्यासांतून असे आढळते' असं लिहून अकरा संदर्भ दिले होते. शीट या रकान्यावर सॉर्ट केल्याबरोबर ते अकरा एका गठ्ठ्यात आले. आईचं शिक्षण, घरातलं पाणी, मुलाचं वय यांचे संबंध त्यांनी वेगवेगळे तपासले होते, त्यामुळे ते टाकून द्यायचे नव्हतेच. पण 'किती मुलांना ॲनिमिया' या प्रश्नापुरता तो एकच पुरावा होता.

निष्कर्षाचा रकाना या सगळ्यानंतर भरा. तो आधी भरला की पेपरचा शेवटचा परिच्छेद उतरवला जातो, आणि तिथे लेखकाचं मत आणि मोजलेली गोष्ट एकत्र मिसळलेली असते. मी तिथे फक्त आकडा, तो कोणाचा, आणि टेबल क्रमांक लिहिते. मला काय वाटलं ते शेजारच्या 'माझी नोंद' रकान्यात, वेगळ्या रंगात. हे दोन एकत्र केले, तर दोन महिन्यांनी स्वतःचीच शंका लेखकाच्या तोंडी घातली जाते. माझ्याकडून हे एकदा झालं आणि तो संदर्भ अख्खा पुन्हा वाचावा लागला.

लिहिताना शीट आडवी न वाचता उभी वाचा. आडवी वाचली की 'अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले' अशी यादी तयार होते. मी 'रक्त कुठून' या रकान्यावर फिल्टर लावला, शिरेतून रक्त घेतलेले पेपर एकत्र केले, बोटातून घेतलेले एकत्र केले, आणि प्रत्येक गठ्ठ्याचा एक परिच्छेद केला. पहिलं वाक्य आपोआप सुचलं: शिरेतून रक्त घेऊन केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ॲनिमियाचं प्रमाण कमी दिसतं, पण त्यातली मुलं वयानेही थोडी मोठी आहेत, त्यामुळे सगळा फरक तपासणीच्या रीतीचा मानता येत नाही. ही तुलना कुठल्याही एका ओळीत लिहिलेली नव्हती.

रिकामे चौकोन मात्र जपून ठेवा. सुरुवातीला मी माहिती सापडली नाही की चौकोन तसाच सोडत असे, आणि नंतर आठवायचं नाही, की ती पेपरात नव्हती की मी पाहिलीच नव्हती. आता पेपर पूर्ण शोधूनही नसेल तर 'उल्लेख नाही' असं लिहिते, रिकामं म्हणजे अजून पाहायचं आहे. शेवटी 'रक्त कुठून' या रकान्यात पाच ठिकाणी 'उल्लेख नाही' उरलं. त्या पाच पेपरांचे आकडे मी तुलनेतून बाहेर ठेवले आणि का ठेवले ते रिव्ह्यूमध्ये एका वाक्यात लिहिलं.