बटाट्याचं बेणं कापण्याआधी बांगडी रोग असा ओळखा

सोयाबीन निघाल्यावर कोल्हापूर भागात बटाट्याच्या बेण्याची धावपळ सुरू होते. बाहेरून टणक दिसणाऱ्या बटाट्यातही बांगडी रोगाचे जिवाणू असू शकतात, आणि एकच विळा एका रोगट बटाट्यातून पुढच्या कित्येक फोडींना तो लावत जातो.

1. प्रत्येक पोत्यातले वरचे, मधले, तळाचे असे दहा बटाटे घ्या.
2. वेलाला चिकटलेल्या टोकाजवळ आडवा काप द्या. सालीच्या आत तपकिरी कडं दिसलं तर दोन्ही बोटांनी दाबा. थोड्या वेळात कड्यातून पांढुरके, चिकट थेंब येतात.
3. शंका असेल तर ती फोड काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात न हलवता धरा. दुधाळ धागे खाली सुटले, की रोग पक्का.

एक जरी बटाटा असा निघाला तर ते पोतं लावणीला वापरू नका. उरलेले बटाटे निवडून लावणं हा मोह टाळाच. जिवाणू एकदा मातीत गेला की पुढं टोमॅटो, वांगी, मिरचीही उभ्या उभ्या सुकतात.

कापताना दोन विळे ठेवा. एक वापरात, दुसरा स्पिरिटमध्ये बुडवलेला, आणि प्रत्येक बटाट्यानंतर अदलाबदल. मॅन्कोझेब बुरशीवर चालतं, या जिवाणूवर नाही. जमेल तिथं 30 ते 50 ग्रॅमचे अख्खे बटाटेच लावा, विळ्याचा प्रश्नच मिटतो.

सावधान: काप स्वच्छ निघाला तरी सुप्त रोग आणि विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून प्रमाणित बेणंच घ्या आणि मर आलेल्या रानातलं बेणं घरी राखू नका.