लिकर्ट स्केलची प्रश्नावली मराठीत आणताय? पर्यायांच्या शब्दांत या चुका टाळा

ताण मोजायची पीएसएस-१० प्रश्नावली घ्या. १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ असे पाच पर्याय: नेव्हर, ऑलमोस्ट नेव्हर, समटाइम्स, फेअरली ऑफन, व्हेरी ऑफन. प्रश्नांवर आपण आठवडाभर डोकं खपवतो आणि हे पाच शब्द पाच मिनिटांत उरकतो, गडबड तिथेच होते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शेवटच्या पर्यायाला 'नेहमी' लिहिणं. मूळ स्केल 'खूप वेळा'वर थांबतो, 'नेहमी' म्हणजे एकही दिवस न चुकता, मग ज्याला खरंच खूप ताण आहे तोसुद्धा "नेहमी असं नाही हो" म्हणून ३ वर टिक करतो आणि ४ चे आकडे गायब होतात. उलट 'बऱ्याचदा' आणि 'अनेकदा' शेजारी ठेवले तर कुठला जास्त हे कोणालाच सांगता येत नाही. बॅक ट्रान्सलेशनमध्ये हे पकडलं जात नाही कारण दोन्हीचं उलट भाषांतर 'ऑफन'च येतं.

यावर साधा उपाय आहे. क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, अनेकदा, खूप वेळा, नेहमी असे दहाएक शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा, आणि ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे अशाच वीसेक लोकांना एकेकट्याने चढत्या क्रमाने लावायला सांगा, प्रत्येक चिठ्ठीला ० ते १०० मधला आकडाही द्यायला लावा. ज्या दोन शब्दांचा क्रम माणसागणिक उलटतो ते एकत्र वापरायचे नाहीत. क्रम बरोबर आला पण तिसऱ्या-चौथ्यात भलं मोठं अंतर पडलं, तरी शब्द बदला.

दुसरी चूक खास मराठीची आहे. दुसरा प्रश्न 'महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असं किती वेळा वाटलं?' असा केला की एखादी काकू म्हणते "कधीच नाही". तिला म्हणायचं असतं, कधीच हातात नसतात! आपण मांडतो ०, खरं उत्तर ४. म्हणून प्रश्नातला 'नाही' काढा, 'हाताबाहेर चालल्यात असं किती वेळा वाटलं?' असं विचारा, आणि पर्यायात क्रियापद परत घ्या: 'असं कधीच वाटलं नाही', 'असं खूप वेळा वाटलं'. लांब होतं, पण वाचून दाखवताना घोळ होत नाही. ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक आहेत, त्यांचे गुण उलटे मोजायचे, तिथे तर हे आणखीच जपा.

आणि हो, 'गेल्या महिन्यात' लिहू नका, २० ऑगस्टला विचारलंत तर माणूस जुलै आठवत बसतो. 'गेल्या ३० दिवसांत' लिहा.

शेवटी पाच-सहा जणांकडून फॉर्म भरून घ्या आणि प्रत्येक टिकवर विचारा, "बऱ्याचदा म्हणजे महिन्यातून साधारण किती वेळा?" एक म्हणाला तीनदा आणि दुसरा म्हणाला वीसदा, तर फॉर्म अजून छापायला देऊ नका.