लाकडी जिना: पहिली खाच कापण्यापूर्वीची तयारीची यादी

यादीतले पहिले काम म्हणजे खालच्या आणि वरच्या मजल्याची जमीन शेवटी नेमकी कुठे येणार आहे, हे ठरवून कागदावर लिहून ठेवणे. जिना बहुधा फरशी बसण्याआधी करायला घेतला जातो आणि मोजमाप उघड्या काँक्रीटपासून होते, पण चालणाऱ्याचा पाय पुढे पडणार असतो तो फरशीवर. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. कच्च्या जमिनीपासून वरच्या कच्च्या जमिनीपर्यंत २७६० मिमी उंची आहे, खाली मसाला आणि फरशी मिळून ३५ मिमी थर येणार आहे आणि वर २० मिमी जाडीच्या फळ्या बसणार आहेत. म्हणजे खरी उंची २७६० वजा ३५ अधिक २०, अर्थात २७४५ मिमी. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर उभा राहतो, म्हणून थरांच्या जाड्या ऐकीव न ठेवता प्रत्यक्ष फरशी आणि फळी हातात घेऊन मोजाव्यात.

ही उंची कुठे मोजायची, हाही प्रश्न आहे. वरच्या मोकळ्या जागेच्या कडेवरून ओळंबा सोडून थेट खाली मोजले, तर मिळते ती त्या कडेखालची उंची. जिन्याचा पाय मात्र तिथून सुमारे चार मीटर पुढे टेकणार असतो आणि तेवढ्या अंतरात जमीन दहा-बारा मिमी उतरलेली असणे अगदी नेहमीचे आहे. म्हणून वरच्या जमिनीची पातळी पाण्याच्या नळीने किंवा लेझर लेव्हलने पुढे आणावी आणि पहिली पायरी जिथे येणार, नेमक्या त्या जागी खाली मोजावे. जिन्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे मोजून पाहावे, कारण जमीन आडवीही उतरलेली असू शकते.

आता पायऱ्यांची संख्या ठरवावी. २७४५ ला १६ ने भागले तर प्रत्येक पायरीची उंची १७१.५६ मिमी येते. १५ ने भागल्यास १८३ आणि १७ ने भागल्यास साधारण १६१.५. दोन रायझरांमधले, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या फळ्यांमधले, आडवे अंतर आपण २७० मिमी धरू. सतराव्या शतकातला फ्रेंच वास्तुविद फ्रांस्वा ब्लॉन्डेल याने चालण्याच्या ढांगेवरून मांडलेला हिशोब आजही वापरात आहे: दोन वेळा उंची अधिक एकदा आडवे अंतर. ही बेरीज हल्ली साधारणपणे ६०० ते ६४० मिमीच्या आसपास ठेवतात. आपल्या उदाहरणात ती ६१३ येते. पंधरा पायऱ्या केल्या तरी ती ६३६ भरते, म्हणजे तोही जिना चालण्याजोगा होतो. घरात वयस्कर माणसे असतील तर मात्र मी बिनदिक्कत सोळा करतो. सोळा उंच्यांना पाय ठेवण्याच्या फळ्या, म्हणजे ट्रेड, पंधराच लागतात, कारण सोळावी उंची चढून पाय थेट वरच्या जमिनीवर येतो. त्यामुळे जिन्याने व्यापलेली आडवी जागा १५ गुणिले २७०, म्हणजे ४०५० मिमी होते. ती खाली मोकळी आहे ना आणि चढताना डोक्यावर निदान दोन मीटर उंची राहते ना, हे इथेच तपासून टाकावे.

भागाकारातून आलेला तो ०.५६ गैरसोयीचा वाटतो आणि सरळ १७२ धरावे असा मोह होतो. पण पंधरा पायऱ्या १७२ च्या केल्या की २५८० मिमी उंची संपते आणि सोळाव्या पायरीला १६५ उरतात. इतर पंधरांच्या मानाने ती सात मिमीने कमी पडते. अमेरिकेतल्या निवासी इमारतींच्या नमुना संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत साधारण ९.५ मिमीपर्यंतचा फरक चालतो, तेव्हा नियमाच्या काट्यावर हा जिना कदाचित निभावेलही. पण कापण्यातल्या, बसवण्यातल्या आणि फरशीतल्या चुका याच सात मिमीत पुढे मिळणार असतात. म्हणून कापण्याआधी एक मापाची काठी करावी. सरळ लाकडी पट्टीवर शून्यापासून सुरुवात करून १७१.५६ चे एकपट, दुप्पट, तिप्पट असे गुणाकार करावेत आणि प्रत्येक गुणाकार स्वतंत्रपणे जवळच्या मिमीला आणून खूण करावी: १७२, ३४३, ५१५, ६८६, ८५८ असे करत २७४५ पर्यंत. अशा रीतीने कोणतीही पायरी १७१ किंवा १७२ चीच निघते आणि चूक साचत नाही. आधीच्या खुणेवरून पुढची खूण काढण्याची सवय मात्र मोडायला हवी.

लाकूड निवडताना स्ट्रिंगरच्या, म्हणजे जिन्याचा भार पेलणाऱ्या तिरप्या फळ्यांच्या रुंदीचा हिशोब आधी मांडावा. १७१.५६ आणि २७० या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाची तिरकी बाजू ३१९.९ मिमी येते आणि खाचेची खोली, फळीच्या कडेपासून काटकोनात मोजली तर, सुमारे १४५ मिमी भरते. फळी ३०० मिमी रुंद असेल तर खाचेच्या मागे १५५ मिमी सलग लाकूड उरते, आणि जिना उभा राहतो तो एवढ्याच लाकडावर. हे लाकूड १२५ मिमीच्या खाली जाऊ देऊ नये. लांबी खाचांसाठी सुमारे ४८०० मिमी लागते, पण दोन्ही टोकांच्या तिरप्या कापांसाठी ५४०० मिमीची फळी घ्यावी. जिना ९०० मिमी रुंद असल्यास ५० मिमी जाडीचे तीन स्ट्रिंगर हवेत, दोन कडांना आणि एक मधोमध. लाकूड नीट वाळलेले असावे, आणि फळीची कड डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहावा. फुगलेली कड वर ठेवून तिच्यावर खाचा आखाव्यात. गाठ कुठे आहे तेही पाहावे. खाचेत कापून जाणारी गाठ त्रास देत नाही, पण खाचेच्या आतल्या कोपऱ्यामागे सापडलेली गाठ तिथेच चीर पाडते. अशी फळी उलटीसुलटी करून किंवा आखणी थोडी सरकवून पाहावी, नाहीतर बदलावी.

आखणीसाठी लोखंडी गुण्या, त्यावर घट्ट बसवलेली सरळ पट्टी आणि बारीक टोकाची पेन्सिल लागते. गुण्याच्या एका पात्यावर १७१.५ आणि दुसऱ्यावर २७० ही मापे फळीच्या कडेला जुळवून पट्टी शिकंज्यांनी आवळली की गुण्या सरकवत एकेक खाच आखता येते. इथे प्रत्येक वेळी केसाएवढी घसर होते आणि एक मिमीची घसर पंधरा वेळा झाली की शेवटची पायरी पंधरा मिमी चुकते. म्हणून कडेवर आधीच एका टोकापासून लांब टेप न उचलता ३१९.९ च्या पटीत खुणा कराव्यात. पाचवी खूण १५९९.५ वर, दहावी ३१९९ वर आणि पंधरावी सुमारे ४७९८ वर येते. गुण्या आधीच्या रेषेला नव्हे, तर या खुणांना भिडवावा.

सर्वांत जास्त जिने बिघडतात ते यापुढच्या कलमात. ट्रेडची फळी ४० मिमी जाड आहे असे धरू. प्रत्येक खाचेवर ती बसली की सगळ्याच पायऱ्या चाळीस मिमीने वर येतात, त्यामुळे मधल्या पायऱ्यांच्या उंचीत काहीच फरक पडत नाही. पण खालची जमीन वर येत नाही आणि वरची जमीनही. खाचा सारख्या कापून स्ट्रिंगर तसाच उभा केला, तर पहिली पायरी २११.६ ची होते आणि शेवटची १३१.६ ची; दोघींत तब्बल ८० मिमीचा फरक. माझ्या पहिल्या जिन्यात मी हेच केले होते, आणि कागदावरचा भागाकार बिनचूक होता याचा मला अभिमानही होता. उपाय एवढाच की स्ट्रिंगरच्या तळातून ट्रेडच्या जाडीइतके लाकूड कमी करावे, म्हणजे सर्वांत खालच्या खाचेची उंची १३१.६ ठेवावी. आपल्या उदाहरणात खालची फरशी अजून बसायची आहे, म्हणून कच्च्या जमिनीवर उभे करायचे झाल्यास त्यात ३५ मिळवून १६६.६ ठेवावे लागेल. मी मात्र स्ट्रिंगरखाली पाणी न शोषणारा ३५ मिमीचा टेका देऊन तळ १३१.६ वरच कापतो, कारण ओल्या मसाल्यात पुरलेले लाकूड तळाकडून कुजत जाते.

वरच्या टोकाला याच हिशोबाची पडताळणी होते. पंधराव्या ट्रेडची बैठक तयार जमिनीपासून २११.६ मिमी खाली यायला हवी, म्हणजेच वरच्या कच्च्या जमिनीपासून १९१.६ खाली. ही रेषा वरच्या तुळईच्या दर्शनी बाजूवर आधीच आखून ठेवावी. स्ट्रिंगर टेकवल्यावर त्याची शेवटची आडवी खाच या रेषेवर आली नाही, तर मोजण्यात चूक आहे असे समजून थांबावे.

रायझरच्या फळ्या २० मिमी जाड धरल्यास चौदा फळ्या १७१.६ मिमी उंचीच्या लागतात, सर्वांत खालची १३१.६ ची, आणि सर्वांत वरची १९१.६ ची, कारण तिच्यावर चाळीसऐवजी वीस मिमीची फळी बसणार असते. सोळाही एकाच मापाच्या कापून आणल्या तर घोटाळा होतो. रायझर आधी बसवून ट्रेड त्याच्या तोंडाला भिडवायचा असेल, तर पुढे २५ मिमी नाक ठेवून ट्रेडची फळी २९५ मिमी रुंद लागते. करकर होऊ नये म्हणून गोंद, ट्रेडच्या मागच्या कडेत रायझरमधून मारायचे स्क्रू आणि फटीत घालायच्या पातळ पाचरी जवळ ठेवाव्यात.

कापण्यासाठी गोल पात्याची करवत चालते, पण तिचे पाते गोल असल्याने ते रेषेच्या टोकापर्यंत नेले तरी खालच्या बाजूला कोपरा कापायचा राहतो; तो सुटावा म्हणून पाते पुढे ढकलले की वरच्या बाजूला ते कोपऱ्याच्या पुढे जाते, आणि तो जादा छेद भार पेलणाऱ्या लाकडातच उतरतो. म्हणून कोपऱ्याआधी थांबून उरलेले हातकरवतीने कापावे आणि कोपरा पटाशीने साफ करावा. आधी एकच स्ट्रिंगर कापावा. तो जागेवर उभा करून खालच्या, मधल्या आणि वरच्या खाचेवर ट्रेडच्या फळीचे तुकडे ठेवावेत, खाली फरशीच्या जाडीचा तुकडा आणि वर जमिनीच्या फळीचा तुकडा ठेवावा, पाणसळीने खाचांची आडवी पातळी पाहावी आणि मापाची काठी शेजारी उभी धरून खुणा जुळवाव्यात. तीन मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर तो तळ तासून किंवा टेका वाढवून घालवता येतो का ते पाहावे; फरक सगळ्या खाचांत सारखा असेल तरच हे जमते. हा स्ट्रिंगर पसंत पडला की त्यावर ‘नमुना’ असे लिहावे, आणि दुसरा व तिसरा दोन्ही त्याच्यावरूनच आखावेत. दुसऱ्यावरून तिसरा आखला की पेन्सिलीच्या रेषेची जाडी दोनदा मापात शिरते.