गाळलेली जागा अशी काढा की उत्तर वाक्यातच फुटणार नाही

सांगलीत माझ्याकडे शनिवारी सात-आठ पोरं मराठीला येतात, बहुतेक जत तालुक्यातल्या सीमेकडच्या गावांतली, घरात कन्नड आणि शाळा आता मराठी. त्यांचं सगळ्यात मोठं अडतं ते भूतकाळात. 'मी भात खाल्ली', 'आईने चहा केली' असं बिनधास्त बोलतात, कारण कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागं जातं आणि आपल्याकडं 'खाणे, करणे, ठेवणे' असली सकर्मक क्रियापदं भूतकाळात कर्माच्या मागं जातात. म्हणून मी दहा गाळलेल्या जागांचा एक कागद काढला, सगळ्यांना आठ-नऊ मार्क पडले, मला वाटलं जमलं, आणि पुढच्याच शनिवारी त्यातली एक पोरगी म्हणाली, "सर, आज मी चहा केली."

घरी जाऊन कागद परत काढून बघितला. पहिलंच वाक्य होतं 'सुनीताने मोठी भाकरी ___ (खाणे)'. आता यात पोरीनं कर्त्याकडं बघितलं तरी 'खाल्ली', कर्माकडं बघितलं तरी 'खाल्ली', आणि काहीच कळलं नसलं तरी 'मोठी'ला जुळवून 'खाल्ली'च येणार. कागदानं नियम तपासलाच नव्हता. तेव्हापासून मी कागद कसा काढतो ते सांगतो. उदाहरण याच एका नियमाचं घेतोय, पण तुम्ही इंग्रजी शिकवत असाल तरी पद्धत हीच.

आधी एक खुलासा. गाळलेल्या जागांच्या या प्रकाराला 'क्लोझ' हे नाव १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकानं दिलं, आणि त्याला व्याकरण तपासायचंच नव्हतं, मजकूर वाचायला किती सोपा आहे ते मोजायचं होतं, त्यासाठी ठराविक अंतरानं, म्हणजे समजा दर पाचवा शब्द, गाळून टाकायचा. तिथं कुठला शब्द जातोय याला महत्त्व नाही. आपल्याला एकच नियम बघायचाय, त्यामुळं आपली जागा हातानं निवडावी लागते आणि तिच्या आजूबाजूचा प्रत्येक शब्दसुद्धा.

तर पहिलं काम म्हणजे वाक्यं लिहायला न बसता चुकीचे नियम लिहायला बसायचं. पोरगं नियम न कळता उत्तर कसं काढेल? माझ्या पोरांचं ऐकून ऐकून मला तीन रस्ते सापडले. एक, कर्त्याला जुळवायचं: आई आहे ना, मग 'ली'. दोन, जागेच्या अगदी शेजारी जे नाम असेल त्याला जुळवायचं, मराठीत कर्म बहुतेक वेळा क्रियापदाच्या लगेच आधी येतं त्यामुळं हा रस्ता फसवा आहे, पोरगं बरोबर उत्तर देतं आणि आपल्याला वाटतं कर्म ओळखलं. तीन, निर्जीव वस्तू दिसली की 'लं', कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगीच असतात. हे तीन रस्ते वहीच्या वरच्या ओळीत लिहून ठेवा, पुढं प्रत्येक वाक्य त्यांच्यावर घासून बघायचंय.

मग वाक्य असं बांधायचं की खरं उत्तर आणि चुकीच्या रस्त्याचं उत्तर वेगळं पडेल. हे बघा:

आईने गूळ बरणीत ठेव__.

आई स्त्रीलिंगी, गूळ पुल्लिंगी, बरणी पुन्हा स्त्रीलिंगी. कर्त्याकडं बघणारा 'ठेवली' लिहिणार, शेजारच्या नामाकडं बघणाराही 'ठेवली'च, निर्जीव म्हणणारा 'ठेवलं', आणि 'ठेवला' फक्त तोच लिहिणार ज्यानं गूळ हे कर्म म्हणून पकडलं. मध्ये 'बरणीत' घालणं ही या सगळ्यातली सगळ्यात कामाची युक्ती, कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसऱ्या लिंगाचं एक नाम आणून बसवायचं. तसंच 'दादाने हळद डब्यात भर__', इथं दादा आणि डबा दोन्ही 'ला'कडं ओढतात, बरोबर उत्तर 'ली'. आणि 'मामाने चादर झाडाखाली अंथर__', यात तर कर्ता, कर्म आणि मधलं नाम तिघांची तीन लिंगं, फक्त निर्जीवाला 'लं' लावणारा आणि शेजारच्या झाडाला जुळवणारा इथं एकच उत्तर देतात, त्यामुळं त्या दोघांतला फरक दुसऱ्या वाक्यात बघावा लागतो.

तुम्ही म्हणाल, गूळ-हळद-चादरच का, भाकरी आणि डबा का नाही? कारण यमक. 'पोतं' म्हटलं की 'टाकलं' आपोआप तोंडात येतं, 'भाकरी… ली', 'डबा… ला', कानाला बरं वाटतं म्हणून पोरगं लिहून मोकळं होतं. शेवटचा आवाज लिंग सांगत नाही असे शब्द घ्यायचे: गूळ, ऊस, कागद पुल्लिंगी, हळद, साखर, चादर स्त्रीलिंगी, दप्तर, पुस्तक, कपाट नपुंसक.

पण इथंच दुसरी अडचण येते आणि ती खरी आहे. हळद 'तो' की 'ती' हेच पोराला माहीत नसेल तर तो नियम येऊनसुद्धा चुकणार, आणि मग आपण एकाच जागेत दोन गोष्टी तपासल्या, लिंग आणि नियम. त्यावर मी असं करतो की आदल्या शनिवारी नुसते पंधरा शब्द देतो, समोर तो, ती किंवा ते लिहा. जे शब्द सगळ्यांना येतात तेवढेच पुढच्या कागदात. मागं ऊस, हळद, गूळ सगळ्यांना आले, घरी बघितलेल्या वस्तू आहेत, 'कपाट' मात्र दोघांचं चुकलं म्हणून ते काढून टाकलं. 'पेन'सारखा शब्द तर घेऊच नका, कोणी तो पेन म्हणतं कोणी ते पेन.

आता फुटणाऱ्या जागा बुजवायच्या. मराठीत कर्माचं लिंग चारही बाजूंनी गळतं. ओली चादर, माझं दप्तर, ती साखर, 'भरली होती' मधलं 'होती', पुढच्या वाक्यात 'तो गोड होता', हे सगळे उत्तर ओरडून सांगतात. विशेषण लागलंच तर न बदलणारं घ्यायचं, जसं गरम, लाल, गोड, जड, मऊ, छान, ही तिन्ही लिंगांत तशीच राहतात. अनेकवचन मी या कागदात अजिबात घेत नाही, कारण 'पुस्तकं वाचली' आणि 'वही वाचली' दोन्हीकडं 'ली', उत्तरावरून पोरानं काय विचार केला ते कळत नाही. कर्माला 'ला' लागलेली वाक्यंही नाहीत. 'आईने बाळाला उचललं' मध्ये क्रियापद कशाच्याच मागं जात नाही, तो वेगळ्या शनिवारचा विषय.

क्रियापद निवडतानाही बघावं लागतं. शिकणे, विसरणे ही कर्म असूनही कर्त्याच्या मागं जातात, 'ती धडा शिकली', आणि 'पिणे', 'जिंकणे' दोन्हीकडं चालतात, 'ती सामना जिंकली' आणि 'तिने सामना जिंकला'. एका जागेला दोन बरोबर उत्तरं निघाली की तपासणारा अडकतो. ठेवणे, भरणे, आणणे, टाकणे, उचलणे, अंथरणे ही सरळ क्रियापदं पुरतात. 'करणे'चं 'केला' आणि 'खाणे'चं 'खाल्ला' असं रूपच बदलतं, पोरगं 'करला' लिहून बसलं तर ते या नियमाचं चुकणं नाही, म्हणून मी कंसात मूळ क्रियापद देत नाही, अर्धं क्रियापद छापतो आणि फक्त शेपूट गाळतो, 'ठेव__'. कागदाच्या वर लिहितो: ला, ली, लं यातलं कुठलंही, कितीही वेळा. पोरं 'लं'च्या जागी 'ले' लिहितात, पुस्तकात तसं असतं, तेही बरोबर धरायचं. आणि तिन्हींची संख्या सारखी ठेवू नका, तीन-तीन-चार असलं की हुशार पोरगं शेवटच्या दोन जागा मोजून भरतं.

सगळी वाक्यं कर्माच्या मागं जाणारीच ठेवली तर पोरांना दुसऱ्याच ओळीत कळतं की कर्ता बघायचाच नाही. म्हणून दहात तीन अकर्मक मिसळायची: 'ताई शाळेतून घरी आ__', 'दादा गाडीवरून खाली उतर__'. इथं 'ने' नाही, क्रियापद परत कर्त्याकडं जातं, ताई 'आली', दादा 'उतरला'. 'ने' दिसतोय की नाही हे पोरानं बघणं हाच तर नियम आहे, त्यामुळं 'ने' लपवायचा नाही. फक्त 'गाडीने', 'हाताने' असला साधनाचा 'ने' या कागदात नको.

कागद झाला की दोन तपासण्या, पंधरा मिनिटांचं काम. पहिली, प्रत्येक वाक्यातलं कर्म बोटानं किंवा खडूनं झाकायचं आणि घरातल्या कुणा मराठी माणसाला उरलेलं वाक्य वाचून जागा भरायला सांगायची. त्यांनी "हे कसं सांगू, काय ठेवलं तेच कळंना" म्हटलं की वाक्य पास, बरोबर उत्तर ठामपणे आलं की कुठूनतरी गळतंय. माझ्या बायकोनं अशी एक जागा कर्म झाकलेलं असतानाही 'ली' अशी बरोबर भरली, बघतो तर 'मामाने ओली ▇▇▇ झाडाखाली अंथर__' असं राहून गेलं होतं. दुसरी, कर्म उघडं ठेवून दुसऱ्या माणसाला सगळा कागद भरायला द्यायचा, त्याचं एकही उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं तर ती जागा काढायची, वाद घालायचा नाही.

मार्क मोजताना नुसती बेरीज करू नका. तीन शेपटांतून डोळे झाकून लिहिलं तरी सरासरी दहात तीन-साडेतीन येतात, म्हणजे चार मार्क म्हणजे काहीच नाही. चुका कुठल्या रस्त्यानं गेल्या ते बघा. एकाची तिन्ही अकर्मक बरोबर आणि सकर्मक सगळी कर्त्याला जुळवलेली, म्हणजे तो अजून कन्नडचाच नियम लावतोय. दुसरीनं बरणी, डबा, झाड यांच्यामागं जाऊन लिहिलं होतं, तिला कर्त्याकडं बघायचं नाही एवढं कळलंय, कर्म कुठलं ते शोधता येत नाही. दोघांनाही दहात तीन-चारच मार्क, पण शिकवायचं वेगळं. तिला मी 'काय ठेवलं?' असा प्रश्न विचारून उत्तराच्या शब्दाखाली रेघ ओढायला लावली, शेपूट नंतर.

'मी'ची वाक्यं मी वेगळ्या कागदावर घेतो, कारण तिथं 'ने' दिसतच नाही आणि पोरांची बोलण्यातली खरी चूक तिथंच होते. तिथं मुलीच्या कागदात 'मी साखर पिशवीत भर__' आलं तर ती स्वतःला जुळवूनही बरोबर येते. म्हणून मुलींना गूळ आणि कागद, मुलांना हळद आणि चादर, आणि दोघांना एक-दोन दप्तर-पुस्तकवाली. त्याहून जास्त नपुंसक नको, नाहीतर निर्जीवाला 'लं' लावणारं पोरगं पहिलं येतं. चहावाली पोरगी या कागदावर पाचात दोन बरोबर आली, दोन्ही दप्तरवाली, आणि तेव्हा मला कळलं की ती कर्ता सोडून निर्जीवाच्या रस्त्याला लागलीय. पुढचा शनिवार तिच्याबरोबर गूळ आणि हळद यांच्यावरच गेला.