तेफिल्लीन बांधताना: हात ते डोकं, मध्ये एक शब्दही नाही

सकाळच्या यहुदी प्रार्थनेला तेफिल्लीन बांधायला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलांसाठी आणि बऱ्याच वर्षांनी ती पुन्हा हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हातावरची पेटी आणि डोक्यावरची पेटी यांच्या मध्ये बोलायचं नाही, हे माहीत असूनही मागच्या वेळी मी बोललो. म्हणून आता सगळी तयारी मी या एकाच गोष्टीभोवती लावतो. मध्ये बोलायची वेळच येता कामा नये.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तेफिल्लीन म्हणजे चामड्याच्या दोन काळ्या चौकोनी पेट्या, त्यांना काळे पट्टे. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेले तोराहचे चार उतारे असतात. दोन निर्गमच्या 13व्या अध्यायातले, दोन अनुवादच्या 6व्या आणि 11व्या अध्यायातले. हाताच्या पेटीत चारही उतारे एकाच पत्रावर असतात, डोक्याच्या पेटीत चार कप्प्यांत चार वेगळी पत्रं. आम्ही बेने इस्रायल घरात मराठी बोलतो, पण उपासना सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या यहुद्यांच्या, पद्धतीने करतो. पुढचं सगळं त्याच पद्धतीचं आहे, मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांची अश्केनाझी पद्धत जिथे वेगळी आहे तिथे तसं म्हटलंय.

पिशवी आदल्या रात्रीच लावा. तालीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, अशी ठेवा की पिशवीत हात घातला की तीच आधी हाताला लागेल. आधी तालीत पांघरायची, मग तेफिल्लीन, कारण तालीत शब्बाथलाही असते आणि जे जास्त वेळा करायचं ते आधी. पण तेफिल्लीनची पेटी आधी हातात आली तर ती बाजूला सारून तालीतकडे जाता येत नाही, कारण हातात आलेलं धर्मकृत्य ओलांडायचं नसतं. तालीतनंतर लगेच हाताची पेटी लागावी, डोक्याची त्याच्यामागे. दोन्हींत गोंधळ होत असेल तर बोटाने चाचपून बघा. डोक्याच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना 'शिन' हे अक्षर उठावदार असतं, एका बाजूला तीन फांद्यांचं आणि दुसऱ्या बाजूला चार फांद्यांचं. घातल्यावर तीन फांद्यांचं अक्षर तुमच्या उजव्या हाताला यायला हवं. हाताची पेटी सपाट असते.

रात्रीच पट्टेही बघा. हाताचा पट्टा फासातून रोज ओढला जातो, तिथेच रंग उडतो आणि खालचं फिकट चामडं दिसायला लागतं. पट्टा काळाच हवा. तेफिल्लीनसाठीची काळी शाई मिळते, ती लावा आणि रात्रभर वाळू द्या. डोक्याच्या पट्ट्याचं माप मात्र आदल्या दिवशी उजेड असतानाच घालून बघा. केस कापले किंवा वाढले की पट्टा सैल किंवा घट्ट होतो. सकाळी, हाताची पेटी बांधून झाल्यावर, "बाबा, जरा ही गाठ बघता का" असं म्हणायची पाळी आली की संपलं. तेच तर बोलणं.

सकाळी शौचाला जाऊन, हात धुऊन या. उजेड हवा. चार हातांवरचा ओळखीचा माणूस ओळखू येईल इतकं उजाडलं की चालतं, त्याआधी बांधायची नाही. घड्याळ, अंगठी काढा, पेटी किंवा पट्टा आणि कातडी यांच्या मध्ये काही नको. बाही खांद्यापर्यंत सरकवा. आणि फोन बंद करा. सायलेंट नाही, बंद. थरथरला तरी डोळा तिकडे जातो आणि तोंडातून "हां" निघतं. सगळ्यांना शालोम म्हणून घ्या, काय विचारायचं ते विचारून घ्या, मगच पेटी उचला.

हाताची पेटी कमकुवत हातावर, म्हणजे उजव्या हाताने कामं करणाऱ्याने डाव्यावर. डावखुऱ्याने उजव्यावर, आणि त्याची गाठही वेगळी बांधलेली लागते. पेटी दंडाच्या फुगीर स्नायूवर, किंचित छातीकडे कललेली. हात खाली सोडला की ती हृदयाच्या बाजूला टेकते, टेकत नसेल तर जागा चुकली आहे. पेटी ठेवा, पट्टा अजून आवळू नका, आता बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणा, जिचे शेवटचे शब्द 'लेहानिआह तेफिल्लीन'. मग आवळा. बेराखा आणि आवळणं यांच्यात काही येऊ नये. गाठ पेटीला चिकटून राहिली पाहिजे, सुटून मागे सरकली तर पुन्हा ओढा. मग कोपर ते मनगट सात वेढे. सेफार्दी पट्टा शरीरापासून बाहेरच्या दिशेने फिरवतात, बहुतेक अश्केनाझी आतल्या दिशेने. गाठ ज्या दिशेसाठी बांधलेली असते त्याच दिशेने ती नीट बसते, म्हणून दुसऱ्याची तेफिल्लीन उसनी घेतलीत तर आधी हे विचारा. आधी. नंतर विचारता येणार नाही.

आता तोंड बंद. ही एकच बेराखा हात आणि डोकं दोन्हींसाठी आहे, बोललात की ती तुटली. मग डोक्यावर ठेवताना 'अल मित्सवत तेफिल्लीन' ही दुसरी बेराखा म्हणावी लागते. अश्केनाझी ती एरवीही म्हणतात, आपण फक्त असं तुटल्यावर. पण म्हटली म्हणजे भागलं असं समजू नका. तलमूद हा धर्मनियमांचा जुना ग्रंथ म्हणतो की दोन पेट्यांच्या मध्ये बोलणाऱ्याच्या माथी अपराध लागतो आणि तो युद्धाच्या फळीतून परत फिरतो. समजा, सात वेढे झालेत, डोक्याची पेटी हातात आहे, आणि शेजारी मिन्यानमध्ये, म्हणजे दहा जणांच्या प्रार्थनासमूहात, काद्दिश ही स्तुतीची प्रार्थना सुरू झाली. सगळे आमेन म्हणताहेत. तुम्ही म्हणायचं नाही. गप्प उभं राहून ऐकायचं. केदुशा या 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणायच्या प्रार्थनेलाही तेच. जिथे आमेनसुद्धा चालत नाही, तिथे प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानने "काय रे, बरा आहेस ना" विचारलं तर उत्तर द्यायचं नाही हे उघड आहे. मान हलवून खुणावणंही टाळा.

डोक्याची पेटी कपाळावर नको. तिची खालची कड केस उगवतात तिथून वर, दोन डोळ्यांच्या मध्यरेषेवर. टक्कल असेल तर पूर्वी केस जिथून सुरू होत तिथून. जवळजवळ प्रत्येक नवखा ती खाली घसरू देतो, आरशात बघा. गाठ मागे कवटीच्या पायथ्याशी, खळगीच्या वर. पट्टे पुढे छातीवर, काळी बाजू बाहेर.

पेटी डोक्यावर बसली की मगच मधल्या बोटाला तीन वेढे. बरेच जण इथे होशेयची वचनं म्हणतात, मराठी बायबलात 2:19-20, हिब्रूत 2:21-22. "तुझ्याशी माझी सोयरीक कायमची, नीतीने आणि न्यायाने, कृपेने आणि करुणेने तुझ्याशी सोयरीक, निष्ठेने तुझ्याशी सोयरीक, आणि तू परमेश्वराला ओळखशील." सोयरीक तीनदा, वेढे तीन. उरलेला पट्टा तळहातावर गुंडाळा.

शेमा, म्हणजे 'हे इस्राएल, ऐक' ही प्रार्थना, म्हणताना 'हाताला बांध' आलं की हाताच्या पेटीला बोट लावून ओठांना, 'डोळ्यांच्या मध्ये' आलं की डोक्याच्या.

काढताना उलटं. बोट सोडा, मग डोक्याची काढा, मग हाताची. शब्बाथला आणि सणांना तेफिल्लीन नाही. रोश होदेशला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवशी, मुसाफ या जादा प्रार्थनेच्या आधी काढायची.