बदलीच्या मेलमध्ये बंधनकारक काय आणि ऐच्छिक काय, हे कसे ओळखावे

लोटे-परशुराम, महाड किंवा रोह्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कोणाला एचआरकडून बदलीचा मेल आला की दोन सल्ले घरपोच मिळतात. मेलवर सही नसते, म्हणून तो पाळण्याची गरज नाही, हा पहिला. आणि कंपनी लिहील ते सगळे निमूटपणे मान्य करावेच लागते, हा दुसरा. दोन्ही सल्ले नुकसान करणारे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिलेली आहे, त्यामुळे केवळ कागदावर शाईची सही नाही म्हणून आदेश पोकळ ठरत नाही. दुसरीकडे, त्याच मेलमधली निम्मी वाक्ये अशी असू शकतात की ती तुमच्यावरही बंधन घालत नाहीत आणि कंपनीवरही नाही.

मेल, त्याला जोडलेले बदलीपत्र आणि तुमचे मूळ नेमणूकपत्र, तिन्ही छापून समोर ठेवा. मेलमधला मजकूर आणि जोडलेले पत्र यांत फरक आढळला, तर सही असलेले पत्र प्रमाण धरा आणि तो फरक लेखी विचारा.

नेमणूकपत्रात बदलीचे कलम शोधा. ‘भारतातील कोणत्याही कारखान्यात किंवा कार्यालयात बदली होऊ शकेल’ असे त्यात असेल, तर बदली ही बहुधा बंधनकारक आहे आणि बोलणे करायचे ते अटींवर. कलमच नसेल किंवा ते एखाद्या जिल्ह्यापुरते मर्यादित असेल, तर उत्तर पाठवण्यापूर्वी युनियनच्या पदाधिकाऱ्याला किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा. त्याबरोबरच नव्या जागी मालक म्हणून कोणत्या कंपनीचे नाव आहे, हे अक्षरशः ताडून पाहा. समूहातल्या दुसऱ्या कंपनीचे नाव असेल, तर ती साधी बदली राहत नाही. तो मालक बदलण्याचा प्रश्न होतो, त्याला साधारणपणे तुमची संमती लागते, आणि ग्रॅच्युइटीसाठी आधीची सेवा सलग धरली जाईल, हे लेखी घ्यावे लागते.

आता खरी अवघड पायरी. बहुतेक जण इंग्रजी क्रियापद पाहून निर्णय करतात: ‘शॅल’ दिसले की बंधनकारक, ‘मे’ दिसले की ऐच्छिक. हा नियम मलाही पूर्वी पुरेसा वाटे, पण बदलीच्या मेलमध्ये तो पदोपदी फसतो, कारण एचआरची भाषा सौजन्याची असते आणि सक्ती त्या सौजन्याच्या आत दडलेली असते. म्हणून प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. वाक्याचा कर्ता कोण, कंपनी की मी? त्याला तारीख किंवा रक्कम जोडली आहे का? आणि ते घडले नाही तर काय होईल, हे कुठे लिहिले आहे का?

माझ्या भाचीला लोट्याच्या एका कारखान्यातून गुजरातमधल्या दहेजला बदलीचा मेल आला, तेव्हा आम्ही तो असाच वाचला. ती गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. ‘मामा, यात सगळी विनंतीच आहे, हुकूम कुठेच नाही,’ असे तिचे पहिले मत होते.

तिने दाखवलेले वाक्य असे होते: ‘आपली संमती २० ऑगस्टपर्यंत कळवावी, ही विनंती, अन्यथा आपणांस बदली मान्य आहे, असे गृहीत धरले जाईल.’ शब्द विनंतीचा आहे, पण तारीख आहे आणि न कळवण्याचा परिणामही आहे. म्हणजे हे बंधनकारक वाक्य आहे, आणि इथे गप्प बसणे हेच उत्तर ठरते. याउलट ‘रुजू होण्यापूर्वी एकदा दहेजचा कारखाना पाहून यावे, असे आम्ही सुचवतो’ या वाक्याला ना तारीख, ना परिणाम. ते खरोखर ऐच्छिक. त्याच मेलमध्ये ‘७ सप्टेंबरला किंवा त्यापूर्वी रुजू व्हावे’ असे होते. तिथे ‘शक्यतो’ हा शब्द नव्हता, म्हणून ती तारीख पक्की धरली.

कर्ता कंपनी असलेली वाक्ये अधिक सावधपणे वाचावीत. ‘उपलब्धतेनुसार कंपनी १५ दिवसांपर्यंत अतिथिगृहात राहण्याची सोय करू शकेल’ या वाक्यात ‘करू शकेल’ ही मोकळीक कंपनीची आहे, तुमची नाही. ‘पर्यंत’ म्हणजे १५ दिवस मिळतीलच असे नव्हे. ती वरची मर्यादा आहे. या एका वाक्याच्या भरवशावर चिपळूणची भाड्याची खोली सोडून सामान भरून निघणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तिथे पोहोचल्यावर खोली रिकामी नसते. ‘मे’ हा शब्द कंपनीच्या बाजूला असेल, तर त्या सोयीची किंमत शून्य धरूनच खर्चाचा हिशेब मांडावा, असे माझे ठाम मत आहे.

सामान हलवण्याच्या खर्चाचे वाक्य तर तीन तुकड्यांचे होते: ‘४०,००० रुपयांपर्यंतचा प्रत्यक्ष खर्च बिले सादर केल्यावर दिला जाईल, मात्र १२ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास ही रक्कम वसूल केली जाईल.’ पहिला तुकडा कंपनीवर बंधन घालतो, पण मर्यादेत आणि बिलांच्या अटीवर. टेम्पोवाल्याने बिल दिले नाही, तर ते पैसे तुमच्या खिशातून. शेवटचा तुकडा तुमच्यावर बंधन घालतो. त्यात वसुली कशी होणार आणि काळ पुढे सरकेल तशी ती कमी होणार का, हे नव्हते. कंपनीनेच नोकरीवरून काढले तरी वसुली होणार का, हेही नव्हते. असे लांब वाक्य नेहमी स्वल्पविरामावर तोडून वाचा, कारण लाभ आणि त्याची अट एकाच दमात लिहिलेली असतात आणि डोळा लाभावर थांबतो.

एक ओळ मात्र सगळ्यांत घातक असते, आणि ती वाचताना कोणालाच टोचत नाही: ‘आपल्या विनंतीनुसार ही बदली करण्यात येत आहे.’ कित्येक कंपन्यांच्या धोरणात स्वतः मागितलेल्या बदलीला प्रवास आणि सामानाचा खर्च मिळत नाही. तुम्ही मागणी केलेली नसेल, तर ही ओळ दुरुस्त करून घेतल्याशिवाय ‘ॲक्सेप्टेड’ हा शब्द टंकू नका.

यानंतर मेल ज्याविषयी बोलत नाही, ते पाहा. भाचीची गणपतीची रजा आधीच मंजूर झालेली होती आणि ती रुजू होण्याच्या तारखेवर येत होती. मेलमध्ये तिचा उल्लेख नव्हता. जे लिहिलेले नाही ते आपल्या बाजूने आहे, असे मानू नये. ते विचारायचे असते.

उत्तर छोटे ठेवा आणि मुदतीच्या आत पाठवा. भाचीने पाठवलेले उत्तर असे: ‘दहेज येथील बदलीचे पत्र मिळाले. बदलीला माझी हरकत नाही. पुढील बाबी लेखी स्पष्ट झाल्यावर मी अंतिम संमती कळवीन. तोपर्यंत माझे मौन संमती समजू नये. एक, अतिथिगृहातील खोली निश्चित मिळणार का आणि किती दिवस. दोन, कंपनीने सेवा संपवल्यास खर्चाची वसुली होणार का. तीन, मंजूर झालेली गणपतीची रजा कायम राहणार का.’

फोनवर ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ असे सांगितले गेले, तर त्याच दिवशी ‘आपल्या आजच्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून ते मेलवर लिहून पाठवा. तिला फोनवर तिन्ही गोष्टींना होकार मिळाला होता. लेखी उत्तरात रजा आणि खोलीचे १० दिवस मान्य झाले, वसुलीची अट मात्र जशीच्या तशी राहिली. त्यामुळे ४०,००० रुपये वर्षभर हात न लावता बाजूला ठेवायचे, असे ठरवूनच तिने अंतिम संमती पाठवली.